सिक्युरिटी क्वेश्चनला खरं उत्तर द्यायचंच कशाला?

प्रश्न: "पासवर्ड विसरल्यावर जे रिकव्हरीचे प्रश्न विचारतात ते आणि त्यांची उत्तरं कशी निवडायची, की माझं फेसबुक-इन्स्टा चाळून कोणाला ओळखता येणार नाहीत? लक्षात राहतील असे दोन-चार चांगले प्रश्न सुचवा."

प्रश्न कुठलाही घ्या हो. उत्तर खोटं द्या, आणि खोटंही असं की त्या प्रश्नाशी त्याचा काडीचा संबंध नसेल. हे इतकं तोडून सांगतोय कारण या विषयावरून माझ्यावर आळ आलेला आहे, तोही घरच्या माणसाकडून, आणि ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आमच्या दाजींचं ईमेल अकाउंट गेलं. सकाळी पासवर्ड चालेना, बघतात तर रिकव्हरीचा मोबाईल नंबर बदललेला, आणि त्यांच्या कॉन्टॅक्टमधल्या निम्म्या लोकांना "अडचणीत आहे, पैसे पाठव" असे मेल गेलेले. बऱ्याच खटपटीनंतर अकाउंट परत मिळालं, तेव्हा कळलं की पासवर्ड कोणी फोडला वगैरे नव्हता, सरळ "फरगॉट पासवर्ड" दाबून दोन प्रश्नांची उत्तरं देऊन बदलला होता. प्रश्न कुठले? पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव. झालं, दाजींनी निकाल लावला. हे घरच्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणार, आणि घरात कंप्युटरमधलं कळणारा कोण, तर मी. तोंडावर बोलले नाहीत, पण ताईला म्हणाले, आणि ताईने मला सांगितलं.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो, शेजारी बसवलं, प्रायव्हेट विंडो उघडली म्हणजे माझं कुठलंच लॉगिन नाही, आणि त्यांचं नाव टाकलं. दाजी आधीपासून खुशीत, कारण त्यांची प्रोफाईल लॉक. म्हणाले, शोध काय शोधायचंय ते. मग मी ताईची प्रोफाईल उघडली, ती उघडी. तिथे कुत्र्याच्या वाढदिवसाचा फोटो, खाली नाव. दाजी म्हणाले, "हा आमचा दुसरा कुत्रा, प्रश्न पहिल्याचा होता." बरोबर आहे. खाली जात राहिलो, तर ताईने एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो स्कॅन करून टाकलेला, दाजी हाफ चड्डीत आणि शेजारी एक कुत्रा. ताईने कुत्र्याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. पण खाली दाजींच्या चुलतभावाची कमेंट, "अरे हा मोती ना? तुझा पहिला!" संपलं. उत्तर ना दाजींनी लिहिलेलं, ना ताईने.

आडनावाला तर शोधायचीही गरज पडली नाही. त्याच फोटोखाली "भाचेबुवा, किती बारीक होतास रे" अशी कमेंट, आणि कमेंट करणाऱ्याचं पूर्ण नाव वर ठळक. मामाचं आडनाव तेच आईचं माहेरचं आडनाव. आपल्याकडे माणसाला अशी नात्याने हाक मारतात की मामा, आत्या, मावशी एवढ्या शब्दांवरून परका माणूस अख्खी वंशावळ काढेल. दाजी गप्प बसले. सॉरी म्हणाले नाहीत, ते असो.

तर मुद्दा हा की तुम्ही तुमच्या पोस्ट कितीही आवरा, प्रोफाईलला कुलूप लावा, उत्तर दुसऱ्याच्या भिंतीवर पडलेलं असतं. शाळेच्या रीयुनियनच्या ग्रुप फोटोत मागच्या बॅनरवर शाळेचं नाव आणि बॅच दोन्ही असतं. "तुमचं सिनेमातलं नाव काढा, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव अधिक लहानपणीची गल्ली" असल्या खेळांना लोक हौसेने उत्तरं देतात, ते रिकव्हरीचेच प्रश्न आहेत, फक्त कपडे बदलून आलेत. म्हणून "कोणाला माहीत नसलेली खरी गोष्ट" शोधण्याच्या नादाला लागू नका. आज माहीत नसेल, उद्या कोणीतरी प्रेमाने टॅग करेल.

आणि हे फक्त दाजींसारख्यांचंच होतं असं नाही. 2008 साली अमेरिकेत उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं मेल असंच उघडलं गेलं. एका कॉलेजच्या पोराने जन्मतारीख विकिपीडियावरून घेतली, झिप कोड म्हणजे तिकडचा पिनकोड अंदाजाने टाकला कारण गाव छोटं, आणि तिसरा प्रश्न होता की नवऱ्याशी भेट कुठे झाली. दोघं शाळेपासूनचे, हे बातम्यांत आलेलंच होतं. मग शाळेचं नाव तो वेगवेगळ्या तऱ्हेने टाकत राहिला आणि "Wasilla high" ला दार उघडलं. एकदा उत्तर काय असेल हे कळलं की स्पेलिंग हा काही मोठा अडथळा नाही, एवढंच त्यातून घ्या.

आता खोटं कसं द्यायचं, कारण इथेच लोक घोळ घालतात. दाजींनी या प्रकरणानंतर काय केलं असेल? दोन्ही उत्तरं बदलून "माहीत नाही" केली! वर मला सांगतात, आता शोध म्हणावं मोतीला. अहो, पण असं खोटं सगळेच देतात. गुगलच्या लोकांनी 2015 मध्ये यावर एक अभ्यास छापला, त्यातल्या सर्व्हेत 37 टक्के लोकांनी उत्तरं मुद्दाम खोटी दिल्याचं सांगितलं, आणि त्यातून उलटंच झालं. लोक खोटं बोलतानाही ठरावीक चार गोष्टीच बोलतात, त्यामुळे अशी उत्तरं ओळखायला सोपी जातात. खोटी शाळा सांगायची म्हणून गावातली दुसरी नावाजलेली शाळा लिहिली, तर ओळखणाऱ्याचं काम किती वाढलं? शाळेच्या प्रश्नाला शाळाच, आडनावाच्या प्रश्नाला आडनावच दिलंत की यादी आपोआप छोटी होते. आवडता रंग तर विचारूच नका, रंग असून असून असतात किती.

मी करतो ते असं. शब्दकोश किंवा कुठलंही जाडजूड पुस्तक घ्यायचं, डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, तो शब्द घ्यायचा, असे चार शब्द. स्वतः सुचवायचे नाहीत, सुचवलेत की पोराचं नाव आणि आवडती टीम येणारच. समजा प्रश्न आहे पहिल्या शाळेचं नाव काय, तर उत्तर

```
payri chimni ghadyal tipkagad
```

(हेच उचलू नका, आता ते इथे छापलंय.) रोमन, सगळी लहान अक्षरं. देवनागरीत ठेवू नका, कारण ऐनवेळी दुसऱ्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नसतो आणि तोच शब्द दोन कीबोर्डवर आतून दोन तऱ्हेने टाईप होऊ शकतो, डोळ्याला सारखा दिसतो आणि साईट म्हणते चूक. काही साईट स्पेस घेत नाहीत, तिथे शब्द जोडून लिहा. मात्र जसं टाकलंत तसंच, अक्षरन् अक्षर, प्रश्नासकट पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या साईटच्या नोंदीखाली लिहून ठेवा. मॅनेजर नसेल तर वहीत. वही घरातल्या कपाटात असेल तर इंटरनेटवरचा चोर तिथपर्यंत येत नाही. आणि प्रत्येक साईटला वेगळं उत्तर. 2016 मध्ये याहूने जी मोठी चोरी जाहीर केली त्यात लोकांचे सिक्युरिटी प्रश्न आणि उत्तरंही होती, काही तर एन्क्रिप्ट न केलेली. पासवर्ड बदलता येतो, आईचं माहेर कसं बदलणार?

कोणी म्हणेल शब्द कशाला, पासवर्ड मॅनेजरलाच वीस अक्षरांचा रँडम कचरा बनवू दे. ऑनलाईन फॉर्मपुरतं ते उत्तमच आहे. पण काही ठिकाणी हाच प्रश्न कस्टमर केअरचा माणूस फोनवर विचारतो. त्याच्या स्क्रीनवर नुसती अगम्य अक्षरं दिसली आणि समोरचा भामटा म्हणाला, "अहो मी तेव्हा काहीतरी वाट्टेल ते दाबलं होतं", तर तो कंटाळलेला माणूस "बरं बरं" म्हणून पुढे जाऊ शकतो. "पायरी चिमणी घड्याळ टिपकागद" असं दिसलं की त्याला ते शब्द ऐकावेच लागतात.

राहिलं तुमचं "लक्षात राहतील असे". विसरा ते. त्याच गुगलच्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी 40 टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःची उत्तरं आठवली नव्हती, आणि कोणाला ओळखता येणार नाही असा कठीण प्रश्न निवडला तर मालकालाही त्याचं उत्तर आठवत नाही. म्हणजे लिहून ठेवायचंच आहे, मग खरं कशाला लिहायचं? स्वतःचा प्रश्न बनवायची सोय असेल तर प्रश्नात "वही, पान मागचं" एवढंच टाका. "मोतीच्या आधीचा कुत्रा" असलं काही लिहून अर्धं उत्तर प्रश्नातच देऊ नका.

दाजींचं अजूनही म्हणणं आहे की फॉर्मवर खोटं लिहू नये, आपले संस्कार नाहीत. दाजी, वाचत असाल तर, साईटला तुमच्या कुत्र्याशी देणंघेणं नाही. ती फक्त आधी टाकलेलं आणि आत्ता टाकलेलं जुळतंय का बघते. तो दुसरा पासवर्ड आहे, प्रतिज्ञापत्र नव्हे.

हां, एक राहिलं, ते आधीच सांगायला हवं होतं. बँकेच्या किंवा सरकारी फॉर्मवर आईचं नाव, जन्मतारीख हे कागदपत्रांशी ताडून बघतात, तिथे खरंच लिहा, तिथे चिमणी-घड्याळ कराल तर अडकाल. आणि साईट ऑथेंटिकेटर ॲप, पासकी किंवा बॅकअप कोड देत असेल तर ते लावा आणि हे प्रश्न बंद करता येत असतील तर बंदच करा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने 2017 च्या नियमावलीतच पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव छाप प्रश्न विचारू नका असं सांगितलंय, तरी जुन्या साईट विचारतातच. जुनी उत्तरं बदलायला बसाल तेव्हा मेलपासून सुरुवात करा, बाकी सगळ्यांच्या रिसेट लिंक तिथेच येतात. दाजींचं मेल सोडून, तिथे अजून "माहीत नाही"च आहे आणि मी हात लावणार नाही, परत काही झालं तर नाव माझंच यायचं.