पगार, हप्ता आणि फीच्या तारखा कशा जुळवायच्या?

प्रश्न: पगार १ तारखेला, हप्ता २ ला, भाडं ५ ला. तरी मधूनच हप्ता बाउन्स होतो. तारखा कशा लावू?

उत्तर: आधी हप्ता ७ तारखेला सरकवता येतो का, ते कर्ज देणाऱ्याला विचारा. १ तारखेला सुट्टी आली की पगार लांबू शकतो, आणि २ ला खात्यात पैसे नसतात. तारीख बदलली तर मधल्या दिवसांचं व्याज लागेल का, तेही विचारून घ्या. भाडं ५ लाच राहू द्या.

खरी ओढाताण शाळेच्या फीची होते, कारण ती दरमहा दिसत नाही. तिमाही फी १८,००० असेल तर दरमहा ६,००० वेगळ्या खात्यात ४ तारखेला आपोआप वळते करा, बचतही त्याच दिवशी. फी दोनच पगारांवर आली असेल, तर या वेळी दर पगारातून ९,००० टाकावे लागतील.