लेस की फ्यूअर? पऱ्हाटीचं एक वाक्य

प्रश्न: शिष्यवृत्तीच्या अर्जात मी घरच्या शेतीबद्दल इंग्रजीत लिहून दिलं: ‘देअर वेअर लेस हेल्दी बोल्स ऑन द प्लांट्स, सो वी गॉट लेस दॅन फोर क्विंटल्स पर एकर.’ सरांनी दोन्ही ‘लेस’खाली लाल रेघ मारली. म्हणाले, अनेकवचनाआधी फ्यूअरच येतं. खरंच दोन्ही चूक आहेत का?

उत्तर: नाही. पहिला बदला, दुसरा तसाच राहू द्या.

आपल्याकडे घोळ होतो तो ‘कमती’ या एका शब्दामुळे. पाऊस कमती, मजूर कमती, पऱ्हाटीले बोंडं कमती. मोजायचं असो की मापायचं, आपला शब्द एकच. इंग्रजीत मात्र एकेक करून मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर आणि न मोजता येणाऱ्याला लेस: फ्यूअर बोल्स, पण लेस कॉटन, लेस रेन. इथवर सरांचं बरोबर आहे.

तुमच्या वाक्यातला पहिला ‘लेस’ नुसता नियमाला सोडून नाही, तो अर्थही बदलतो. ‘लेस’नंतर लगेच ‘हेल्दी’ आलंय ना? ‘लेस’ विशेषणालाही चिकटतो, त्यामुळे वाचणारा ते ‘कमी निरोगी अशी बोंडं’ असंही वाचू शकतो. म्हणजे बोंडं भरपूर, पण किडकी! तुम्हाला म्हणायचं होतं की निरोगी बोंडांची संख्याच कमी होती. ‘फ्यूअर हेल्दी बोल्स’ लिहिलं की दुसरा अर्थ निघतच नाही, कारण फ्यूअर विशेषणाला चिकटत नाही. बोंडअळीच्या वर्षाबद्दल लिहिताना हा फरक मोठा आहे: अर्धी बोंडं गळून पडणं वेगळं आणि झाडावरच्या बोंडांत अळी शिरणं वेगळं. ‘हेल्दी’ नसता, नुसतं ‘लेस बोल्स’ असतं, तर अर्थ तरी कळला असता; परीक्षकाने फक्त नाक मुरडलं असतं.

आता क्विंटल. शब्द अनेकवचनी आहे, पण तुम्ही चार वेगवेगळ्या वस्तू मोजत नाही आहात, एकरी उताऱ्याचं एकच वजन सांगताय. मी एक साधी कसोटी लावतो: त्यात ‘साडे’ बसतं का? साडेतीन क्विंटल आपण रोज बोलतो, साडेतीन बोंडं कोणी म्हणत नाही. जिथे साडे बसतं तिथे बहुतेक वेळा माप असतं, आणि मापाला ‘लेस दॅन’ चालतो. रुपये, किलोमीटर, तास, वर्षं या सगळ्यांचं तेच: लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज, लेस दॅन टू अवर्स. ‘फ्यूअर दॅन फोर क्विंटल्स’ लिहिलं, तर इंग्रजी रोज वाचणाऱ्याच्या कानाला ते खटकेल.

कसोटी पोत्यांपाशी जरा अडखळते. वजन म्हणून पोती सांगत असाल तर साडेतीन पोती म्हणता येतात, पण गाडीवर चढवलेली पोती एकेक मोजत असाल तर फ्यूअर बॅग्ज. तिथे आपण काय मोजतोय हे स्वतःलाच विचारावं लागतं.

हे मी चुकून शिकलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ लिहिलं होतं आणि मी तिचा अर्धा मार्क कापला होता. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “गुरुजी, मग दहा किलोमीटर एकेक करून मोजायचे का?” मी घरी जाऊन व्याकरणाची पुस्तकं उघडली आणि तो अर्धा मार्क परत दिला.

सरांना एक गोष्ट जरूर सांगा, पण नम्रपणे. हा नियम वाटतो तितका जुना नाही. नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेडच्या लिखाणातही ‘लेस’ शब्दांच्या संख्येसाठी आलेला आहे. तेव्हाची रचना ‘शब्दांतले कमी’ अशी होती, पुढे षष्ठीचा प्रत्यय गळाला आणि ‘लेस वर्ड्स’ उरलं. फ्यूअरचा आग्रह रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 1770 मध्ये मांडला, आणि तोही ‘मला हे जास्त नेटकं वाटतं’ अशा सुरात. बोलण्यात इंग्रज लोक आजही सर्रास ‘लेस पीपल’ म्हणतात. अर्ज मात्र बोलणं नव्हे. तपासणारा काटेकोर असेल असंच धरून चला.

तर वाक्य असं द्या: ‘देअर वेअर फ्यूअर हेल्दी बोल्स ऑन द प्लांट्स, सो वी गॉट लेस दॅन फोर क्विंटल्स पर एकर.’ दुसऱ्या रेघेबद्दल सरांनी विचारलं, तर साडेतीन क्विंटलचा दाखला द्या.