साटेलोटे, प्रत्युद्वाह आणि दोन सख्ख्या जावा

प्रश्न : दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले तर त्याला ‘साटेलोटे’ म्हणावे का? आणि ज्योतिषी हरकत घेतात ती पत्रिकेवरून की आणखी कशावरून?

उत्तर : म्हणू नये. साटेलोट्यात देवाणघेवाण असते. ज्या घरातून सून आणायची त्याच घरात आपली मुलगी द्यायची. त्यामुळे तेथे दोघी एकमेकींच्या नणंद आणि भावजय अशा दोन्ही नात्यांनी बांधल्या जातात. दोन भाऊ व दोन बहिणी असतील तर बहिणी जावा होतात आणि भाऊ साडू होतात. मुली एकाच दिशेने जातात, म्हणून तेथे साटे नाही.

शास्त्राने मात्र दोन्ही प्रकार एकाच श्लोकात निषिद्ध ठरवले आहेत : ‘प्रत्युद्वाहो नैव कार्यो नैकस्मै दुहितृद्वयम् । न चैकजन्ययोः पुंसोरेकजन्ये तु कन्यके ॥’ प्रत्युद्वाह म्हणजे आपले साटेलोटे, आणि उत्तरार्धात सख्ख्या भावांना सख्ख्या बहिणी देऊ नयेत असे आहे. हा निषेध धर्मनिबंधांतला आहे. त्याचा कुंडलीतील ग्रहांशी संबंध नाही. व्यवहारात तो सर्रास बाजूला ठेवला जातो.

पत्रिकेच्या बाबतीत दोन जोड्या स्वतंत्रच पाहाव्या लागतात. गोत्राचा प्रश्न एकदाच सुटतो, कारण भावंडांचे गोत्र एकच असते. पण नक्षत्रे वेगळी असल्याने गुणमेलन प्रत्येक जोडीचे निराळे होते. समजा, थोरल्याचे नक्षत्र रोहिणी आणि थोरलीचे उत्तराभाद्रपदा आहे. त्याची नाडी अंत्य, तिची मध्य, म्हणजे नाडीचे आठही गुण मिळतात. धाकट्याचे पुष्य आणि धाकटीचे भरणी असेल, तर दोघांचीही नाडी मध्य येते आणि ते आठ गुण शून्य होतात. ‘थोरल्यांचे जुळले, म्हणजे धाकट्यांचेही जुळलेच’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

खरी अडचण मुहूर्ताच्या वेळी येते, आणि ती मला सर्वांत लक्षणीय वाटते. मुलाच्या लग्नानंतर सहा महिन्यांत मुलीचे लग्न करू नये, मुलीच्या लग्नानंतर मुलाचे केलेले चालते, असा नियम आहे. साटेलोट्यात पहिल्या घरच्या मुलाचे लग्न आधी लागले, तर त्या घरात नियम मोडतो आणि दुसऱ्या घरात पाळला जातो; क्रम उलटा केला तर दोष दुसऱ्या घराकडे जातो. दोन्ही घरांना सोयीचा क्रम निघतच नाही. त्यावर परंपरेने अब्दभेदाची वाट दाखवली आहे : एक लग्न माघात आणि दुसरे वैशाखात लावले, तर मधे पाडव्याला संवत्सर बदलते आणि सहा महिन्यांची अट उरत नाही.