राउटरला आपलाच फोन परका का वाटतो? वाय-फायच्या खासगी पत्त्यांबद्दल प्रश्नोत्तरे

माझं सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळदीचं गोदाम आहे. जुना फोन कॅमेरा म्हणून लावला होता आणि राउटरमध्ये त्याला 192.168.1.50 हा आयपी पत्ता राखून ठेवला होता. तो फोन बिघडला, म्हणून मुलाचा अँड्रॉइड 12 वाला फोन लावला. नव्या फोनचा मॅक पत्ता ‘About phone’मधून बघून राउटरमध्ये टाकला, तरी फोनला .50 मिळत नाही, .112 मिळतो. राउटर खराब झालाय का?

राउटर त्याचं काम बरोबर करतोय. मॅक पत्ता म्हणजे वाय-फायवर यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक. त्याला दिलेला मॅक पत्ता आणि फोन प्रत्यक्ष सांगतोय तो मॅक पत्ता हे दोन वेगळे आहेत.

डीएचसीपी म्हणजे राउटरची यंत्रांना आयपी पत्ते वाटायची सोय, आणि तिच्यातलं रिझर्व्हेशन, म्हणजे पत्ता राखून ठेवणं, मॅक पत्त्यावर चालतं. ‘अमुक मॅकवाला आला की त्याला .50 द्यायचा’ एवढंच राउटरला कळतं. फोन कुठल्या कंपनीचा, कुणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या जुन्या फोनमध्ये अँड्रॉइड 8 किंवा त्याआधीची आवृत्ती असणार. ते फोन वाय-फायला जोडताना कारखान्यात मिळालेला पत्ताच सांगत. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी आपणच एक पत्ता तयार करतो आणि तोच पुढे करतो. आयफोनमध्ये हे 2020 च्या आयओएस 14 पासून आलं. कारण साधं आहे. एकच पत्ता घेऊन फोन मॉलमध्ये, स्टँडवर, हॉटेलात फिरला, तर तिथली यंत्रं त्या पत्त्यावरून माणसाच्या येण्याजाण्याची नोंद ठेवू शकतात.

‘About phone’मध्ये तुम्हाला कारखान्यातला पत्ता दिसला, खोक्यावरही बहुधा तोच असेल. गोदामातल्या वाय-फायवर मात्र फोन दुसऱ्याच नावाने हजर आहे. खात्री करायची असेल तर राउटरच्या ‘DHCP Client List’मध्ये .112 समोरचा मॅक बघा. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता फोनने स्वतः बनवलेला आहे, असं जवळजवळ नक्की धरायचं. समजा रिझर्व्हेशनमध्ये 40:B0:76:12:9C:3E आहे आणि यादीत DA:4F:61:0B:C7:85 दिसतोय. पहिल्यात दुसरं अक्षर 0, म्हणजे कारखान्यातला. दुसऱ्यात A, म्हणजे घरगुती. त्या जोडीतला एक बिट ‘हा पत्ता स्थानिक आहे, उत्पादकाला वाटून दिलेल्यांपैकी नाही’ असं सांगण्यासाठीच राखलेला आहे, आणि फोन तो प्रामाणिकपणे लावतात.

आता दोन वाटा आहेत. यादीतला DA:4F… हा पत्ता रिझर्व्हेशनमध्ये टाकायचा, किंवा फोनला कारखान्यातला पत्ता सांगायला लावायचं. तुमच्यासाठी दुसरी वाट बरी. हा फोन भिंतीवरच राहणार आहे, त्याच्या येण्याजाण्याचा माग काढून कुणाला काय मिळणार? वाय-फायच्या सेटिंगमध्ये गोदामाच्या नेटवर्कच्या नावावर जा, ‘Privacy’ उघडा आणि ‘Use randomized MAC’ऐवजी ‘Use device MAC’ निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हीच गोष्ट ‘MAC address type’ आणि ‘Phone MAC’ अशी लिहिलेली असते. मग वाय-फाय बंद करून परत चालू करा, .50 मिळायला हवा. मिळाला नाही, तर तो पत्ता दुसऱ्या कुठल्या यंत्राकडे गेलाय का ते यादीत बघा. गेला असेल तर त्या यंत्राचं वाय-फाय बंद करा आणि राउटर एकदा बंद-चालू करा.

हा बदल फक्त त्या एका नेटवर्कपुरता असतो. फोन उद्या घरी नेला तर तिथे तो पुन्हा खासगी पत्ताच वापरेल. ‘सेटिंग बंद केलं की फोन सगळीकडे उघडा पडतो’ ही भीती मला बऱ्याच जणांकडून ऐकू येते. तसं काही होत नाही.

साताऱ्यात माझी अभ्यासिका आहे. वाय-फायला पासवर्ड ठेवला की तो गावभर होतो, म्हणून पासवर्ड काढून टाकला आणि राउटरमध्ये फक्त सभासदांच्या फोनचे मॅक पत्ते ‘Allow’ केले. वर्षभर ठीक चाललं. आता दर आठवड्याला दोन-तीन मुलं ‘सर, नेट लागत नाही’ म्हणून येतात, त्यात आयफोनवाले जास्त. आमच्याकडे `Abhyasika` आणि `Abhyasika_5G` अशी दोन नावं आहेत. उपाय सांगा.

पासवर्ड काढला तिथेच घोळाची सुरुवात झाली. यादी का मोडते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा सल्ला पटेल.

आयओएस 18 पासून आयफोनमध्ये प्रत्येक नेटवर्कच्या ‘Private Wi-Fi Address’समोर तीन पर्याय असतात: ‘Off’, ‘Fixed’ आणि ‘Rotating’. नेटवर्कला चांगली सुरक्षा, म्हणजे डब्ल्यूपीए2 किंवा त्यापुढची, असेल तर फोन आपणहून ‘Fixed’ धरतो आणि पत्ता टिकतो. नेटवर्क उघडं असेल तर ‘Rotating’ धरतो, आणि मग साधारण दोन आठवड्यांनी पत्ता बदलतो. तुमचं नेटवर्क उघडं आहे. म्हणजे आज यादीत घातलेला आयफोन पंधरवड्यात बाहेर पडणार, परत घातला की परत बाहेर. तुमच्याकडे आयफोनवाले जास्त येतात ते यामुळे.

आयओएस 15 ते 17 च्या फोनांची तऱ्हा वेगळी. सहा आठवडे नेटवर्कला जोडला नाही, तर पुढच्या वेळी तो नवा पत्ता घेऊन येतो. परीक्षा संपवून गावी गेलेला मुलगा सुट्टीनंतर परतला की त्याचा फोन तुमच्या यादीला अनोळखी. मुलाने स्वतः ‘Forget This Network’ दाबलं तरीही पत्ता बदलू शकतो.

अँड्रॉइड त्या मानाने स्थिर. तिथला पत्ता नेटवर्कचं नाव आणि सुरक्षेचा प्रकार यांना बांधलेला असतो. नेटवर्क विसरायला लावून परत जोडलं तरी तोच येतो. पण नावाला बांधलेला म्हणजे `Abhyasika`वर एक पत्ता आणि `Abhyasika_5G`वर दुसरा. फोन एकच, पण तुमच्या यादीत त्याच्या दोन नोंदी हव्यात. एकाच नावाची नोंद झाली असेल तर मुलगा खिडकीजवळ बसला की नेट लागतं आणि मागच्या खोलीत गेला की जातं, अशी तक्रार येते. रेंज कमी म्हणून एखादा रिपीटर विकत घेतला जातो आणि दोष तसाच राहतो.

मॅकची यादी हे कुलूप नव्हे. वाय-फायवर माहिती कूटबद्ध असली तरी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता उघडाच हवेतून जातो. लॅपटॉपवर साधं सॉफ्टवेअर असलेला कुणीही तुमच्या अभ्यासिकेत बसून चालू पत्ते वाचू शकतो आणि त्यातला एक स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो. शिवाय तुमच्या नेटवर्कवर पासवर्ड नाही, म्हणजे कूटबद्धताही नाही. यादी अगदी निर्दोष ठेवली तरी तिच्यातून मिळतो तो फक्त तुम्हाला ताप.

तुम्ही असं करा. दोन्ही बँडना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए2 किंवा राउटरमध्ये सोय असेल तर डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 मिश्र. बऱ्याच राउटरमध्ये ‘Smart Connect’ नावाचं बटण हेच करतं. नाव एक झालं की फोनचा पत्ताही दोन्ही बँडवर एकच. मॅकची यादी पूर्ण बंद करा. जुने पत्ते जपून ठेवायचा मोह होईल, पण सुरक्षेचा प्रकार बदलला की अँड्रॉइडचे पत्तेही बदलणार, त्यामुळे ती वही तशीही निकामी होणार आहे.

राहिला पासवर्ड गावभर होण्याचा प्रश्न. महिन्याची फी घेता त्या दिवशी पासवर्ड बदला आणि पावतीवर लिहून द्या. हे तुमच्या सध्याच्या राउटरवर फुकटात होतं. पावती घेणाऱ्याने तो मित्राला दिला तरी त्याची मुदत महिनाभरच. सभासद खूप असतील आणि खर्चाची तयारी असेल, तर प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड किंवा स्वतंत्र यूजरनेम देणारे ॲक्सेस पॉइंट मिळतात. त्यात एखाद्याने फी थांबवली तर त्याचाच पासवर्ड रद्द होतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. एक सावधगिरी: कुणी ‘व्हाउचर पोर्टल’ विकायला आला, तर ते सभासदाला कशावरून ओळखतं ते विचारा. बरीचशी पोर्टलं एकदा लॉगिन झाल्यावर मॅक पत्ताच लक्षात ठेवतात, आणि मग उघड्या नेटवर्कवर हीच रडकथा नव्या पडद्यावर सुरू होते.

मी कराडची. रात्री दहानंतर मुलाच्या फोनला नेट मिळू नये म्हणून राउटरमध्ये त्याचा मॅक ब्लॉक केला होता. दोन दिवस चाललं, मग तो परत रात्री व्हिडिओ बघताना दिसला. राउटरच्या यादीत तर आता एक नवाच फोन दिसतोय.

ताई, तो ‘नवा’ फोन मुलाचाच असण्याची शक्यता जास्त. अँड्रॉइड असेल तर त्याने ‘Use randomized MAC’ आणि ‘Use device MAC’ यांची अदलाबदल केली असेल. तसं असेल तर एका नेटवर्क नावावर त्याच्याकडे दोनच पत्ते आहेत, दोन्ही ब्लॉक केले की काम झालं. पण ‘Developer options’मध्ये दर काही वेळाने पत्ता बदलायला लावणारी एक सोयही असते, आणि ती त्याला सापडली तर तुम्ही ब्लॉक करत राहाल आणि तो बदलत राहील. आयफोनमध्ये तर पत्ता बदलायला लावणं आणखी सोपं.

त्यामुळे फोन ओळखण्याच्या नादी लागू नका, दार वेगळं करा. मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदला आणि तो घरातल्या मोठ्यांपुरता ठेवा. मुलासाठी ‘Guest Network’ चालू करा आणि त्याला वेळापत्रक लावा, दहाला बंद, सकाळी सहाला चालू. तो कुठलाही मॅक घेऊन आला तरी दहानंतर ते नेटवर्कच हवेत नसेल. राउटरच्या प्रशासक पानाचा पासवर्डही बदला. तो अजून `admin` असेल तर मुलाला तो माहीत आहे असंच समजा. मोबाइल डेटावर यातलं काहीच चालत नाही, त्यासाठी फोनमध्येच ‘Family Link’ किंवा ‘Screen Time’ लावावं लागेल.

सांगलीत शिकतो. खोलीवर आयपी पत्ते वाटायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर चालवतो. फोन तिथल्याच दोन वेगळ्या नावांच्या वाय-फायवर जातो, दोन्हीकडे खासगी पत्ता चालू ठेवूनही त्याला एकच आयपी देता येईल का?

येईल. घरगुती राउटर सहसा एका आयपीला एकच मॅक घेऊ देतात, डीएनएसमास्क एका ओळीत अनेक मॅक घेतो:

```
dhcp-host=da:4f:61:0b:c7:85,6e:13:a8:90:2f:d4,192.168.1.50
```

हे पत्ते नमुन्याचे आहेत. तुझे पत्ते फोनमध्ये त्या त्या नेटवर्कच्या पानावर ‘Randomized MAC address’ म्हणून दिसतील. ओळ टाकल्यावर सेवा पुन्हा चालू कर आणि फोनचं वाय-फाय एकदा बंद-चालू कर. अट एकच: ओळीतल्या मॅकपैकी एका वेळी एकच चालू हवा. एकच फोन दोन नावांमध्ये ये-जा करत असेल तर अडचण नाही. पण याच ओळीत लॅपटॉपचाही मॅक घातलास आणि दोन्ही एकदम जोडलेस, तर दुसऱ्याला आयपी देताना डीएनएसमास्क पहिल्याचा हक्क काढून घेईल आणि दोघंही एकाच आयपीवर भांडत बसतील.