मुलाखतीनंतरचं मौन

"मुलाखत होऊन सहा आठवडे झाले, काहीच कळवलं नाही. विचारलं तर लाचार वाटेन. नाही विचारलं तर दिवसभर फोनच बघत बसतो. काय करू?"

बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणारा एक डिप्लोमा मेकॅनिकल मुलगा माझ्याकडे हेच घेऊन आला होता. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात 3 जूनला त्याची मुलाखत झाली होती. तिसऱ्या भेटीत मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, "त्या कंपनीबद्दल जे जे डोक्यात येतं ते लिही." त्याने नऊ वाक्यं लिहिली. "आता यातली डोळ्यांनी पाहिलेली तेवढी ठेव." सात खोडली गेली. उरली दोन: मुलाखत झाली, आणि नंतर मेल आला नाही.

बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला. "ताई, 'मी त्यांना आवडलो नाही' हे पण मीच लिहिलंय की!" माणूस घटनेने नाही, तिला लावलेल्या अर्थाने खचतो, असं मी मानते. त्या दिवशी ते त्याचं त्यालाच दिसलं, याचं मला समाधान आहे.

कंपनी गप्प राहण्याची कारणं बहुधा साधी असतात. जागेची मंजुरी वरून यायची असते. किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला पत्र गेलेलं असतं आणि तो जुन्या नोकरीचा दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड काढत असतो. तो येईपर्यंत दुसऱ्याला ना हो म्हणतात, ना नाही.

मग मेल लिहिला. नवा नाही, मुलाखतीचं बोलावणं आलं होतं त्यालाच उत्तर म्हणून, म्हणजे मागचा सगळा पत्रव्यवहार समोरच्याला खालीच दिसतो. मजकूर चार ओळींचा: पद, मुलाखतीची तारीख, अजून इच्छुक आहे, आणि एकच प्रश्न, निर्णय साधारण कधी होईल? "आपण कळवलं नाहीत" हे वाक्य मी काढायला लावलं. त्यावर समोरचा आधी स्वतःचा बचाव करतो, उत्तर मागे पडतं. आठ-दहा दिवसांत काही आलं नाही, तर आणखी एकदा विचारायचं आणि तिथे थांबायचं, हेही ठरलं.

15 जुलैला सकाळी मेल गेला. दुपारी उत्तर: "9 जूनला आम्ही कागदपत्रं मागितली होती. तुमचं उत्तर नाही, म्हणून तुम्हाला रस नाही असं समजलो. ती जागा भरली. हालोलच्या प्लांटवर एक आहे, चालेल का?"

स्पॅममध्ये शोधलं तर काही सापडेना. जीमेल तिथले मेल 30 दिवसांनी आपोआप काढून टाकतं, आणि 36 दिवस उलटले होते. वाट बघण्याच्या काळात आठवड्यातून दोनदा स्पॅम उघडायला मी त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. कागदावर उरलेलं दुसरं वाक्य मीही खरं धरून चालले होते. 'मेल आला नाही' नव्हे, 'मला दिसला नाही'. आता कोणी कागद भरला की तेवढा शब्द मी बदलून घेते.

कागदपत्रं त्याच संध्याकाळी गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती पोचल्याची खात्री त्याने फोन करून स्वतः करून घेतली.