डीपी की डीए : बीएल हातातून कधी सोडायचा?

> सांगलीहून हळदीचा पहिला कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवतोय, इन्व्हॉइस ३०,००० डॉलर. खरेदीदार डीए ६० दिवस मागतोय, मी डीपीवर अडून आहे. बँकवाले म्हणतात दोन्हींत कागद आमच्यामार्फतच जातात. मग फरक नेमका काय, आणि डीपी केलं की पैसे नक्की का?

पैसे नक्की नाहीत, दोन्हींतही नाहीत. कलेक्शनमध्ये बँक पैशांची हमी घेत नाही. ती तुमचे कागद सांभाळून नेते आणि तुम्ही लिहून दिलेली अट पुरी झाली की खरेदीदाराला देते. पुढचं सगळं या अटीवर ठरतं.

डीपीत, म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंटमध्ये, अट अशी की आधी पैसे, मग कागद. डीएत, म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट ॲक्सेप्टन्समध्ये, खरेदीदार तुम्ही काढलेल्या बिलावर, म्हणजे हुंडीवर, सही करून 'अमुक तारखेला देईन' असं स्वीकारतो आणि कागद लगेच घेऊन जातो. कागदांत बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेलं बिल ऑफ लेडिंग, असतो आणि बीएल ज्याच्या हातात त्याला माल मिळतो. म्हणजे डीएत सहीच्या दिवशी तुमची मालावरची पकड सुटते आणि तुमच्याकडे फक्त सही केलेलं बिल उरतं. पुढचे दोन महिने तुम्ही त्याला बिनतारण उधार दिलेले असतात. डीपीत पैसे येईपर्यंत माल तुमचाच राहतो, पण त्याने कागद सोडवलेच नाहीत तर परक्या बंदरात पडलेला कंटेनरही तुमचाच.

डीपीतली पकड बीएलवर आहे, म्हणून तो कसा काढता ते फार महत्त्वाचं. कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, जागी खरेदीदाराचं नाव घालू नका. 'टू ऑर्डर' लिहून घ्या आणि मागे स्वतःची कोरी सही करा, खरेदीदाराचं नाव 'नोटिफाय' मध्ये, म्हणजे माल पोचल्याचं कळवायच्या रकान्यात, येऊ द्या. त्याने माल नाकारला तर तोच बीएल दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो. बँकेच्या नावाने माल पाठवायचा असेल तर त्या बँकेची आधी संमती हवी. कलेक्शनचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे यूआरसी ५२२, हे स्पष्ट सांगतात.

बीएलच्या मूळ प्रती सहसा तीन असतात आणि त्यातल्या कुठल्याही एकीवर माल सुटतो, बाकीच्या दोन रद्द होतात. तिन्ही बँकेत द्या. न्हावा शेवाहून जेबेल अलीचा प्रवास थोड्या दिवसांचा, त्यामुळे जहाज पोचतं आणि कागद अजून वाटेत असतात. मग खरेदीदाराचा फोन येतो : 'भाडं चढतंय, एक मूळ प्रत थेट कुरियर करा' किंवा 'टेलेक्स रिलीज द्या'. टेलेक्स रिलीज म्हणजे मूळ बीएल न दाखवता माल सोडायचा निरोप. या दोन्हींतलं काहीही केलंत की डीपी कागदावरच उरतं. विमानाने माल पाठवलात तरी हाच घोळ, कारण एअरवे बिल मालकीचा कागद नाही. विमानतळावर कन्साइनीला माल मूळ प्रतीशिवाय मिळतो. (नमुन्याची पेटी विमानाने गेली तर चालेल, पण तीत डीपीचा भरवसा धरू नका.)

याला उपाय आधीच करायचा असतो. बुकिंगच्या वेळी शिपिंग लाइनकडून जेबेल अलीला १४ दिवसांचे फ्री डेज, म्हणजे कंटेनरवर भाडं न चढण्याचे दिवस, मागून लेखी घ्या, आणि बीएल मिळाला की दुसऱ्याच दिवशी कागद बँकेत द्या.

आता तुमचीच केस. बीएल ५ मार्चचा, जहाज १० मार्चला लागलं आणि कागद १८ मार्चला दुबईच्या बँकेत पोचले असं धरू. डीपी ॲट साइट, म्हणजे बिल दाखवताच पैसे, असेल तर त्याने पैसे भरून कागद न्यायचे. पण तोवर बाजारात हळद उतरली असेल, तर 'दर कमी करा, नाहीतर माल परत न्या' हे ऐकायची तयारी ठेवा. परतीचं भाडं, डेमरेज म्हणजे कंटेनर बंदरात अडकल्याचा आकार, निर्यातीवर घेतलेला ड्रॉबॅक म्हणजे शुल्क-परतावा पुन्हा आयात करताना परत करणं, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. म्हणून आगाऊ रक्कम मागताना ती नफ्याच्या हिशोबाने मागू नका. तो माल टाकून पळाला तर जाण्यायेण्याचं भाडं आणि डेमरेज त्यात निघेल एवढी मागा. ३० टक्के, म्हणजे ९,००० डॉलर आगाऊ आणि २१,००० चं बिल डीपी ॲट साइट : पहिल्या कंटेनरला मी यापेक्षा सैल अट मान्य करणार नाही.

डीएच करावं लागलं, तर ६० दिवस कधीपासून मोजायचे ते बिलावरच लिहा. 'बीएल तारखेपासून ६० दिवस' असेल तर देय तारीख ४ मे. 'साइटनंतर ६० दिवस' लिहिलंत आणि त्याने २० मार्चला सही केली तर १९ मे. पंधरा दिवसांचा फरक, शिवाय सही लांबवली की तारीखही लांबते. पहिलं लिहा.

'डीपी ६० दिवस' मात्र करू नका. बिलाची मुदत ६० दिवस आणि कागद पैसे दिल्यावरच, असा मेळ घातला की माल बंदरात आणि कागद बँकेत अडकतात. यूआरसीही असं बिल टाळायला सांगतं. मुदतीच्या बिलाबरोबर कागद कशावर सोडायचे हे सांगितलंच नसेल, तर त्याच नियमांनुसार ते पैसे मिळाल्यावरच सोडले जातात. तेव्हा डीए हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

बँकेला द्यायच्या कलेक्शन सूचनांच्या पत्राकडे नवखा माणूस दुर्लक्ष करतो. त्यात कागदांची यादी प्रतींच्या संख्येसह द्या, कारण बँक तेवढंच मोजते, मजकूर तपासत नाही. परदेशी बँकेचे चार्जेस खरेदीदाराकडून घ्यायचे असतील तर 'माफ करू नयेत' हे शब्द घाला, नाहीतर त्याने नकार दिला तरी बँक कागद देऊ शकते आणि चार्जेस तुमच्या रकमेतून जातात. बिल नाकारलं तर प्रोटेस्ट, म्हणजे नकाराची कायदेशीर नोंद, करायचा की नाही तेही लिहा, न लिहिल्यास बँक करायला बांधील नाही. तिथे तुमचा एजंट असेल तर 'केस ऑफ नीड', म्हणजे अडचणीत तुमच्या वतीने बघणारा, म्हणून त्याचं नाव आणि अधिकार दोन्ही लिहा. नुसत्या नावावर बँक त्याचं ऐकत नाही.

कागद गेल्यावर रोज बँकेत विचारा. स्वीकृतीची सूचना SWIFT वर MT 412 म्हणून येते आणि नकाराची MT 416. नकार आल्यावर हात बांधून बसू नका. ६० दिवसांत तुमच्याकडून पुढची सूचना गेली नाही तर तिथली बँक कागद परत पाठवू शकते, आणि तोवर डेमरेज चढत राहतं.

खरेदीदार उधारीवर अडून बसला, तर त्याच्या बँकेचा 'अवाल' मागा. अवाल म्हणजे स्वीकारलेल्या बिलावर त्या बँकेनेही पैसे देण्याची हमी लिहून सही करणं. मग डीएतला धोका खरेदीदारावरून त्याच्या बँकेवर जातो. मात्र सूचनांच्या पत्रात 'स्वीकृती आणि अवाल दोन्ही मिळाल्यावरच कागद द्यावेत' असं हवं, आणि त्या बँकेची तयारी माल निघण्याआधी विचारून घ्या. अवालशिवाय डीए करायचा असेल तर आधी ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीकडून त्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर करून घ्या. अर्जात अट डीए हीच लिहा, डीपीसाठी मंजूर झालेली मर्यादा डीएला चालेल असं धरू नका.

तुमची इथली बँक बिल डिस्काउंट करून आधी पैसे देते, तेव्हा 'झालं, पैसे मिळाले' असं समजू नका. साधारणपणे ती रिकोर्सवर देते. दुबईत बिल वटलं नाही तर रक्कम व्याजासह तुमच्याच खात्यातून वळती होते.