भाड्याची जाहिरात: टेप लावा, मगच आकडा लिहा

बिल्डरच्या कागदावर आमचा टू बीएचके 800 स्क्वेअर फूट आहे. जाहिरातीत तेच टाकू ना? सगळेच टाकतात. (राजारामपुरी)

नका टाकू. त्या 800 मध्ये जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा तुमच्या वाट्याचा भागही धरलेला असतो. तो सुपर बिल्ट-अप आकडा. भाडेकरू कॉट आणि कपाट मांडणार ते कार्पेटवर. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी आणि उघडी गच्ची वगळायची, आतल्या आडभिंती मात्र धरायच्या.

टेप घ्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मापा. मागच्या महिन्यात असाच एक फ्लॅट मी मापला. हॉल 10 बाय 15 म्हणजे 150, बेडरूम 120 आणि 110, किचन 72, संडास-बाथरूम मिळून 44, पॅसेज 30. बेरीज 526 झाली. आडभिंतींचे वीस-पंचवीस धरले की साधारण 550. गॅलरीचे 40 वेगळे. कागदावर या फ्लॅटचेही 800 होते.

मालकाचा चेहरा उतरला. पण 800 वाचून आलेलं कुटुंब दारात उभं राहूनच ‘एवढाच?’ म्हणतं आणि मग चांगला ओटाही त्यांना दिसत नाही. आम्ही ‘कार्पेट अंदाजे 550, गॅलरी 40 वेगळी, मोठ्या बेडरूममध्ये डबल बेड आणि तीन दारी कपाट लावून चालायला जागा उरते’ असं लिहिलं. बेडरूमचं ते वाक्य माझ्या मते आकड्यापेक्षा जास्त कामाचं आहे, कारण बघणारा आपलं सामान मनात मांडूनच जाहिरात वाचतो.

‘रंकाळ्यापासून दोन मिनिटं’ लिहिलं तर खोटं होईल का? गाडीवरून तेवढीच लागतात. (फुलेवाडी रिंग रोड)

वाचणारा ती मिनिटं चालत धरतो, म्हणून खोटंच होईल. शिवाय रंकाळा केवढा पसरलेला! टॉवरपासून की पदपथ उद्यानापासून, ते सांगा. सकाळी दारातून निघून घड्याळ लावून चाला. अठरा मिनिटं लागली तर ‘पदपथ उद्यान चालत 18 मिनिटं’ लिहा. सकाळी फिरायला जाणाऱ्याला तेवढंही पुष्कळ वाटतं. गॅलरीत वाकून, मान वळवून पाणी दिसत असेल तर त्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणू नका. हॉलमध्ये बसून दिसत असेल तर खुशाल म्हणा.

2019 ला आमच्या पार्किंगमध्ये पुराचं पाणी आलं होतं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. लिहिलं तर कोण येणार? (शाहूपुरी)

लिहा, आणि नीट लिहा. शाहूपुरी म्हटलं की कोल्हापूरचा माणूस पहिल्या फोनवर पुराचंच विचारतो. तुम्ही गप्प राहिलात की तो मनाने वाईटच धरतो. ‘पूरमुक्त’ हा शब्द मात्र वापरू नका, तसं वचन पंचगंगेच्या वतीने कुणीच देऊ शकत नाही.

चार गोष्टी सांगा: पाणी कोणत्या साली आलं, कुठपर्यंत आलं, किती दिवस राहिलं आणि तेव्हा गाड्या कुठे लावल्या. 2021 ला आलं की नाही, तेही सांगा. शेजाऱ्यांना विचारून एक आकडा मिळवा: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पातळी झाली की तुमच्या गेटपाशी पाणी येतं? तिथे 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गेटचा आकडा कळला की भाडेकरू पावसाळ्यात रोजची पातळी बघून स्वतः ठरवतो.

अशा घराची जाहिरात मी अशी लिहीन:

‘शाहूपुरीत टू बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट अंदाजे 560. किचनला ट्रॉली, दोन पंखे, गीझर. बाकी फर्निचर नाही. नळाचं पाणी सकाळी, वापरायला बोअर. 2019 आणि 2021 ला पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं, घरात नाही. दोन्ही वेळा लाईट चार दिवस बंद होती. एक टू-व्हीलर पार्किंग. भाडं 11,000, मेंटेनन्स 600 वेगळा, डिपॉझिट 40,000.’

आकडे अर्थातच तुमचे घाला. घरात किती दिवस लाईट-पाणी नव्हतं ते आठवत नसेल तर खालच्या दुकानदाराला विचारा, अंदाजाने लिहू नका.

भाडं न लिहिता ‘फोन करा’ लिहिलं तर जास्त फोन येतात म्हणे? (ताराबाई पार्क)

येतात, पण निम्मे आकडा ऐकून ठेवून देतात. भाडं लिहा, मेंटेनन्स त्यात आहे की वेगळा तेही लिहा. आणि अकरा महिन्यांचा करार रजिस्टर होणार, त्याचा खर्च कोण भरणार, हे एका ओळीत टाका. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. खर्चाची वाटणी मात्र दोघांनी बोलून ठरवायची.